शाळा सुटण्यापूर्वीची दहा मिनिटे

मुलांना घरी आणण्यासाठी शाळेच्या फाटकापाशी ताटकळणाऱ्या पालकांनी एकमेकांशी बोलावे की आपापल्या जागी स्वस्थ उभे राहावे, या वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नावर माझी पत्नी आणि माझा धाकटा भाऊ यांच्यात मध्यंतरी एक दीर्घ वाद झाला. समाजशास्त्राच्या अध्यापनात आयुष्य घालवल्यामुळे तो मी आरंभापासून अखेरपर्यंत लक्षपूर्वक ऐकला, आणि त्यातील दोन्ही पक्ष मला इतके विचारार्ह वाटले की तो शक्य तितक्या तपशिलाने येथे नोंदवीत आहे. भावाची कन्या या जूनपासून पहिलीत जाऊ लागली आणि तिच्या आईची नोकरी संध्याकाळपर्यंत चालणारी असल्याने तिला शाळेतून आणण्याचे काम त्याच्याकडे आले. आमच्या मुलाला मुलुंडच्या एका शाळेतून रोज आणण्याचे काम माझ्या पत्नीने पूर्वी अनेक वर्षे केलेले आहे. भाऊ तिला वहिनी म्हणतो. लिहिण्याच्या सोयीसाठी मीही येथे तिला वहिनी आणि त्याला भाऊ म्हणतो.

भावाने प्रारंभीच आपली कैफियत मांडली. "वहिनी, मी शाळा सुटण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी पोहोचतो, स्कूटर पिंपळाखाली लावतो आणि तिथेच उभा राहतो. फाटकाच्या उजव्या अंगाला आयांचा घोळका असतो, डावीकडच्या कट्ट्यावर आजोबामंडळी बसलेली असतात, आणि रिक्षावाले काका व व्हॅनवाले रस्त्याच्या पलीकडे. यांच्यापैकी कोणाशी माझे काय नाते? मुले एका वर्गात आहेत, हा केवळ पटावरचा योगायोग झाला. मित्र माणूस निवडतो. वर्गातल्या मुलांचे आईबाप मात्र शाळेच्या दप्तराने आपल्यासाठी निवडलेले असतात. ज्यांच्याशी वृत्ती जुळण्याची काही हमी नाही, त्यांच्याशी उकाड्यावर आणि पावसावर बोलून वेळ काढण्यापेक्षा मी चार पाने वाचलेली काय वाईट?"

"वाचलेली वाईट नाहीत," वहिनी म्हणाली, "पण भाऊजी, तुम्ही मैत्रीचे माप ओळखीला लावता आहात. मैत्रीला वृत्ती जुळावी लागते हे खरे. ओळखीला मात्र एवढेच लागते की तीच माणसे, त्याच ठिकाणी, त्याच वेळी पुन्हापुन्हा भेटावीत, आणि भेटण्यासाठी कोणाला कोणाकडे मुद्दाम जावे लागू नये. असे ठिकाण मोठ्या वयात कुठे उरते सांगा. कचेरीत अधिकाराची उतरंड असते आणि सोसायटीत पाण्याचे व पार्किंगचे तंटे असतात. शाळेच्या फाटकाशी उभा असलेला जिल्हाधिकारी असो की भाजीविक्रेता, दोघेही घंटेचीच वाट पाहत असतात."

येथे मला माझ्या विषयातील एका ग्रंथाचे स्मरण झाले आणि मी मध्येच बोललो. मारिओ लुई स्मॉल या समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क शहरातील पाळणाघरांचा अभ्यास करून 2009 साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्याने दाखवले की मैत्रिणी मिळवाव्यात अशा हेतूने कोणतीही आई पाळणाघरात आलेली नव्हती. मुलांना नेण्याच्या ठरावीक वेळेची ताकीद, सहलींना मदतीसाठी लागणारे पालक आणि पालकांच्या समित्या असे जे शिरस्ते संस्थेने स्वतःच्या सोयीसाठी घालून दिले होते, त्यांच्यामुळे त्या एकमेकींना वारंवार भेटल्या आणि त्यातून परस्परांच्या उपयोगी पडणारे संबंध निर्माण झाले. मला त्यातील अधिक मार्मिक निरीक्षण पुढचे वाटते. यांतील पुष्कळ जणी मुलाच्या जोखमीच्या बाबतीत एकमेकींवर पूर्ण विश्वास टाकीत, परंतु पाळणाघराच्या वर्तुळाबाहेर त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नसे. विश्वास खोल असूनही संबंधाचा आवाका मर्यादित असू शकतो, ही गोष्ट आपल्याकडे स्नेहाविषयी बोलताना सहसा लक्षात घेतली जात नाही.

भावाचे माझ्या या माहितीने समाधान झाले नाही. तो म्हणाला, "दादा, न्यूयॉर्कच्या आया एकमेकींशी बोलल्या असतील. माझी अडचण अशी की तिथे बहुतेक स्त्रिया असतात आणि मी पुरुष आहे. घोळक्यात जाऊन उभा राहिलो तर संभाषण थांबते, हे मी स्वतः पाहिले आहे."

वहिनीने ही अडचण उडवून लावली नाही, हे मला विशेष आवडले. "थांबणारच," ती म्हणाली. "गोलाकार उभ्या असलेल्या, आधीच रंगलेल्या घोळक्यात नवख्याने शिरूच नये, पुरुषानेही नाही आणि बाईनेही नाही. तुम्ही उभे राहण्याची जागा बदला, एवढेच प्रथम करा. पिंपळाखाली स्कूटरवर बसलेल्या आणि हातातल्या फोनकडे पाहणाऱ्या माणसाशी कोणी बोलत नाही. फाटकापासून दोन-चार हातांवर, मुलीच्या वर्गाची रांग जिथून बाहेर येते त्या बाजूला, रोज त्याच ठिकाणी उभे राहा. पहिल्या आठवड्यात नुसती मान हलवा. मग जे एकटे उभे असतील त्यांच्याशी आधी बोला. एकटी माणसे बहुधा तुमच्यासारखीच अवघडलेली असतात. कट्ट्यावरचे आजोबा तर सर्वांत सोपे, कारण ते सर्वांच्या आधी येतात आणि त्यांना कसली घाई नसते. एखाद्या आजोबांशी तुमचे बोलणे सुरू आहे असे दिसले, की त्यांच्या सुनेला तुमच्याशी बोलताना संकोच वाटत नाही."

"आणि बोलायचे काय?"

"समोर जे असेल ते. 'आज पहिलीला उशीर झालेला दिसतो', 'चित्रकलेची वही उद्याच आणायची आहे ना?' एवढे पुरते. उत्तर देणाऱ्याला विचार करावा लागू नये आणि नुसते 'हो' म्हणून तो मोकळाही होऊ शकावा, असा प्रश्न पहिल्या दिवशी बरा. नाव मात्र लवकर विचारावे. मुलाचे आधी, मग त्यांचे स्वतःचे. आमच्या वेळी अनेक बायका एकमेकींना वर्षभर 'अमक्याची आई' म्हणूनच ओळखत. मग एखादीला फोन करायची वेळ आली की कोणाला विचारायचे हेच कळत नसे. आडनाव, गाव, नवऱ्याचा पगार, घर भाड्याचे की मालकीचे, या चौकशा करू नयेत. आपल्याकडे आडनावाच्या प्रश्नाआड जातीचा प्रश्न दडलेला असतो, आणि ज्याला तो ऐकू येतो तो दुसऱ्या दिवसापासून लांब उभा राहतो."

भावाने ते मान्य केले. तथापि त्याचा खरा आक्षेप यापुढेच होता. शाळेच्या फाटकाशी चालणारे बोलणे त्याने दुरून ऐकले होते आणि त्याचा त्याला उबग आला होता. कोणत्या मुलाला किती गुण पडले, कोणत्या बाईंना शिकवता येत नाही, कोणाचा मुलगा मारकुटा आहे, कोणी कोणती शिकवणी लावली, यांवाचून तेथे दुसरा विषय नाही, असे त्याचे म्हणणे होते. "आणि हे सारे," तो कळवळून म्हणाला, "मुले बाहेर येऊन हाताशी उभी असताना! परवा एक बाई दुसरीला सांगत होत्या की त्यांचा मुलगा अजून पाढ्यांत अडखळतो. तो मुलगा तिथेच उभा होता. त्याची मान खाली गेलेली मी पाहिली. असल्या बोलण्यात मी सामील व्हावे असे तुम्हाला वाटते?"

वहिनी काही क्षण बोलली नाही. मग म्हणाली, "नाही, वाटत नाही. तुम्ही पाहिलेत ते खरे आहे आणि ते वाईटच आहे. म्हणूनच माझा नियम असा होता की बोलणे घंटेपूर्वीचे. घंटा झाली की वाक्य अर्धवट राहिले तरी चालेल, पण तोंड मुलाकडे वळले पाहिजे. मूल पाच तास आपल्याला काही सांगण्यासाठी थांबलेले असते. त्याच्या डोक्यावरून मोठी माणसे बोलत राहिली तर ते शर्ट ओढते, मग रडते, आणि आपण त्यालाच हट्टी म्हणतो. शिवाय अर्धवट राहिलेल्या वाक्याचा एक फायदा असतो. दुसऱ्या दिवशी सुरुवात कुठून करावी हा प्रश्नच पडत नाही. 'काल तुम्ही सांगत होतात, सासूबाईंच्या डोळ्याची तपासणी झाली का?' असे विचारले की समोरच्या बाईला कळते, आपले बोलणे हिने लक्षात ठेवले. ओळख वाढते ती कालचे आज विचारल्याने."

"आणि गुणांचे, शिक्षकांचे?"

"त्याला बगल देता येते. कोणी बाईंविषयी तक्रार काढली तर 'तुम्ही त्यांना भेटून विचारलेत का?' असे सरळ विचारावे. ज्याची खरी अडचण असेल तो सांगतो की विचारले किंवा विचारणार आहे. ज्याला नुसते बोलायचे असेल तो विषय बदलतो. कोणी दुसऱ्याच्या मुलाला नाव ठेवू लागले तर मी त्या मुलाची मला ठाऊक असलेली एखादी चांगली गोष्ट सांगत असे. आणि एवढे करूनही एखादा घोळका तसाच असला, तर तिथून चार पावले दूर होऊन दुसऱ्या कोणाशी बोलावे. फाटक एकच असले तरी माणसे पुष्कळ असतात."

माझ्या मते वादाचा मर्मभाग यानंतर आला. भाऊ म्हणाला की हे सर्व मान्य केले तरी त्याच्या मनाला एक गोष्ट टोचते. मुलगी आजारी पडली तर कोणाकडून तरी वही मिळावी, स्वतःला उशीर झाला तर कोणीतरी तिला थांबवून घ्यावे, एवढ्यासाठी जर माणसे जोडायची, तर ते जोडणे म्हणजे स्वार्थाची पेरणीच झाली. एखाद्याच्या डोळ्यांविषयी आपण आस्थेने विचारावे आणि मनात मात्र पुढे कधीतरी लागणाऱ्या उपकाराचा हिशेब ठेवावा, हे त्याला अप्रामाणिकपणाचे वाटत होते. "त्यापेक्षा," तो म्हणाला, "गरज पडेल तेव्हा सरळ परक्या माणसापाशी मदत मागणे मला अधिक सचोटीचे वाटते."

वहिनीने याचे उत्तर तत्त्वाने न देता एका घटनेने दिले. ती घटना माझ्याही माहितीतील असल्याने तिचा तपशील मी खात्रीपूर्वक देऊ शकतो.

2005 सालच्या जूनमध्ये आमचा मुलगा पहिलीत गेला. शाळा दुपारची होती. त्याच्या वर्गातील एका मुलीला तिची आजी न्यायला येई. आई फोर्टमधील एका बँकेत नोकरीला. एके दिवशी दोन मुलांच्या पाण्याच्या बाटल्यांची अदलाबदल झाली, कारण दोन्ही एकाच निळ्या रंगाच्या आणि एकाच घाटाच्या होत्या. दुसऱ्या दिवशी बाटली परत करताना वहिनी आणि त्या आजी यांचे पहिले बोलणे झाले. पुढे आजी लवकर येऊन कट्ट्यावर वहिनीसाठी जागा धरू लागल्या. बोलणे गुडघेदुखीचे, डब्यातल्या न खाल्लेल्या भाजीचे, साताऱ्याकडच्या पेरण्यांचे. आईची भेट एका शनिवारी ओझरती झाली तेवढीच. जुलैच्या मध्यास आजींना गावी जाणे भाग पडले, तेव्हा त्यांनीच सुनेला सुचवले की दोन आठवडे नातीला आणण्याचे काम या बाईंवर सोपवावे. आईने वर्गशिक्षिकेला रीतसर चिठ्ठी लिहून दिली, तीत वहिनीचे पूर्ण नाव, पत्ता आणि घरचा दूरध्वनी क्रमांक होता. आणि चिठ्ठी देताना तिने वहिनीला बाईंसमोर उभे करून चेहऱ्याची ओळखही करून दिली.

26 जुलैला मंगळवार होता. दुपारी दोननंतर पावसाने जे रूप धारण केले ते मुंबईकरांना सांगावयास नको. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला, तर दक्षिणेकडे कुलाब्यास अवघा 73 मिलिमीटर. या दोन आकड्यांतील अंतरामुळेच फोर्टमध्ये बसलेल्या सहस्रावधी माणसांना उपनगरांत काय चालले आहे याची कल्पना आली नाही, आणि जेव्हा आली तेव्हा लोकलगाड्या बंद पडल्या होत्या व दूरध्वनी लागत नव्हते. शाळेने मुलांना लवकर सोडण्याचा निर्णय घेतला. फाटकाशी पोटरीपर्यंत पाणी होते. ज्यांचे पालक आले नव्हते त्या मुलांना शिक्षिकांनी वरच्या मजल्यावर नेऊन बसवले, आणि ओळख पटल्यावाचून एकाही मुलाला कोणाच्या हाती देणार नाही असा कडक बंदोबस्त ठेवला. तो योग्यच होता. 'मी तिच्या आईला ओळखते' असे सांगणाऱ्या अनेक बायकांना त्या दिवशी रिकाम्या हाताने परतावे लागले, कारण त्यांची ओळख खरी असली तरी तिचा कागद शाळेच्या दप्तरात नव्हता. वहिनीची चिठ्ठी होती आणि चेहराही बाईंना माहीत होता. ती दोन्ही मुलांना घेऊन घरी आली. मुलगी रात्री आमच्याकडे जेवली आणि आमच्या मुलाशेजारी झोपली. दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर तिची आई बरेच अंतर पायी तुडवून आमच्या दारात उभी राहिली; रात्री कधीतरी बँकेतून लागलेल्या एका फोनवर मुलगी सुखरूप असल्याचे तिला कळले होते, त्यामुळे तिने ती रात्र निदान निश्चिंतपणे काढली.

"आता सांगा भाऊजी," वहिनी म्हणाली, "आजींच्या गुडघ्याची चौकशी मी करीत होते तेव्हा माझ्या मनात कोणता हिशेब होता? मला त्या आवडत होत्या म्हणून मी बोलत होते. आणि तुम्ही म्हणता तसे परक्या माणसाने त्या दिवशी मदत करायची ठरवली असती, तरी शाळेने मूल त्याच्या हाती दिले नसते, आणि दिले असते तर ते भयंकर झाले असते. संकटात मागण्याची मदत ही आधी तयार असावी लागते. ती तयार होत असताना मात्र ती मदत आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते."

भाऊ पुष्कळ वेळ गप्प होता. त्याने नंतर विचारले, "त्या बाई पुढे तुमच्या जिवलग मैत्रीण झाल्या?"

"नाही. त्यांच्या घरी मी दोनदाच गेले असेन. दिवाळीला फोन येतो. आजी गेल्या तेव्हा मी भेटून आले. आमच्या मुलाने बँकेच्या परीक्षा देण्याचे ठरवले तेव्हा मी त्यांनाच विचारले, आणि त्यांनी तासभर बसून सारे समजावून सांगितले. मधल्या काळात आमचे महिनोन्‌महिने बोलणे नव्हते, म्हणून त्यांना रागही नव्हता आणि मला संकोचही नव्हता. जिवलग मैत्रिणीशी सहा महिने बोलले नाही तर समजूत घालावी लागते. या ओळखीला फारशी अपेक्षा नसते, म्हणून ती इतकी वर्षे टिकते."

मला या ठिकाणी वहिनीचे मत पूर्णपणे स्वीकारार्ह वाटते, फक्त एका मर्यादेसह. मूल शाळा बदलते किंवा स्वतःच घरी येऊ लागते, तेव्हा ती रोजची भेट संपते, आणि ज्या ओळखी केवळ फाटकावर विसंबून होत्या त्यांपैकी बहुसंख्य त्या वर्षातच विरतात. टिकतात त्या अशा, ज्यांत फाटकाबाहेरचे एखादे तरी काम दोघांनी एकदा मिळून केलेले असते; मग ते स्नेहसंमेलनासाठी पोशाख शिवून घेणे असो, आजारी मुलाच्या घरी वह्या पोहोचवणे असो, की दोन मुलांना एका रिक्षेने पाठवण्याची तजवीज असो. वहिनीला मी हे सांगितले तेव्हा तिने त्यात एक भर घातली, की असे पहिले काम आपण दुसऱ्यासाठी करण्यापेक्षा दुसऱ्याकडे मागितलेले बरे, आणि ते इतके लहान असावे की नाकारतानाही कोणाला अपराधी वाटू नये. एका दिवसापुरती वही मागावी. पहिल्याच महिन्यात मुलाला संध्याकाळभर ठेवून घेण्याची विनंती करू नये. आपणच उपकार करीत सुटलो तर समोरचा माणूस ओझ्याने दबतो आणि टाळू लागतो, हे तिने अनुभवाने पाहिले होते.

पालकांच्या व्हॉट्सॲप गटाचा विषयही निघाला. भावाचे म्हणणे असे की वह्या, सूचना, सुट्ट्या हे सारे त्यावर कळतेच, मग उभ्याने बोलण्याची गरज काय? वहिनीचे उत्तर थोडक्यात असे होते, की गटावर चाळीस माणसांसमोर कोणी आपली अडचण लिहीत नाही, आणि लिहिली तर ती वाचून प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणीतरी उत्तर देईल.

अखेरीस भावाने एक गोष्ट सांगितली, जी त्याने बहुधा आरंभापासूनच मनात ठेवली होती. मुलीच्या शाळेने जूनमध्ये दिलेल्या अर्जात, पालकांखेरीज मुलीला नेण्यास मुखत्यार असलेल्या दोन व्यक्तींची नावे, छायाचित्रे आणि क्रमांक भरावयाचे होते. त्याने तेथे आमची दोघांची नावे लिहिली होती. आम्ही मुलुंडला, तो कल्याणला.

"पाऊस झाला तर आम्ही कसे पोहोचणार?" वहिनीने विचारले.

"तेच आज लक्षात आले. पण दुसरे नाव कोणाचे लिहू? मुलीच्या बाकावर जी बसते तिचे नाव मला ठाऊक आहे. तिला न्यायला एक आजोबा येतात. त्यांचे नाव ठाऊक नाही."

"ते कुठे राहतात ते तरी कळले आहे का?"

"आमच्याच गल्लीच्या टोकाला. रोज माझ्या पुढे चालत असतात."

"मग उद्या स्कूटर घरी ठेवा आणि चालत जा," वहिनी म्हणाली. "अर्जाचे त्यांच्यापाशी अजून महिनाभर काढू नका. आधी नाव विचारा, आणि त्यांची नात डब्यातले काय परत आणते ते विचारा. गणपतीपर्यंत तुमच्या दोघांचे बोलणे रोजचे झाले, तर त्यांच्या मुलाला आणि सुनेला एकदा भेटून या. त्यांनी तुमचे नाव त्यांच्या अर्जात लिहावे असे तुम्हीच सुचवा, मग तुमच्या अर्जाचे बोलता येईल. आणि वर्गशिक्षिकेसमोर दोघेही एकदा उभे राहा. नुसत्या छायाचित्रावर विसंबू नका."

भावाने शाळेच्या दप्तरात अर्ज बदलून मिळण्याची मुदत कोणती ते विचारून घेण्याचे कबूल केले.